डावीकडची मोकळी जागा

राज्याच्या अर्थसंकल्पात १०९ हा क्रमांक कशाचा? या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. ‘सामान्य शिक्षण’ या शीर्षाखाली प्राथमिक शिक्षणाच्या पोटात १०९ म्हणजे शिष्यवृत्त्या व प्रोत्साहने. त्याच शीर्षाखाली माध्यमिक शिक्षणाच्या पोटात १०९ म्हणजे शासकीय माध्यमिक शाळा. पहिल्या १०९ मधला पैसा विद्यार्थ्यांना मिळतो, दुसऱ्यातला शाळा चालवण्यावर खर्च होतो. ०१ या आकड्याची गंमत तर त्याहून मोठी. एका ओळीत तो ‘प्राथमिक शिक्षण’ असतो आणि त्याच पानावर चार ओळी खाली ‘वेतन’.

छापील पुस्तक वाचणाऱ्याचा मात्र गोंधळ होत नाही. ‘वेतन’ ही ओळ डावीकडून चांगली दीड-दोन सेंटिमीटर आत सरकवलेली असते आणि ती कोणाच्या पोटातली आहे हे नजरेला आपोआप कळतं. ही माहिती कुठल्याही अक्षरात किंवा अंकात नसते, ती असते डावीकडच्या कोऱ्या जागेत. पान स्कॅन करून त्यातला मजकूर संगणकाकडून वाचून घेतला, की नेमकी ही जागाच गळून पडते. अक्षरं येतात, आकडे येतात, पण सगळ्या ओळी डाव्या कडेला एका रांगेत उभ्या राहतात. मग ‘०१ वेतन’ कोणाचं, हे सांगायला कोणी उरत नाही.

अर्थसंकल्पाचा अभ्यास करणाऱ्या पत्रकारांचा, संशोधकांचा आणि स्वयंसेवी संस्थांतल्या कार्यकर्त्यांचा बराचसा वेळ ही हरवलेली जागा परत मिळवण्यात जातो. हवं असतं ते साधंच. प्रत्येक ओळीसमोर तिच्या वरच्या शीर्षाचं नाव स्वतंत्र स्तंभात लिहिलेलं असावं, म्हणजे माध्यमिक शाळांच्या वेतनावर किती, हे स्प्रेडशीटमध्ये एका सूत्रानं काढता येईल. तिथवर पोचण्याची वाट मात्र खाचखळग्यांची आहे.

आधी या उतरंडीची ओळख करून घ्यायला हवी. संविधानाच्या अनुच्छेद १५० नुसार केंद्राचे आणि राज्यांचे लेखे कोणत्या नमुन्यात ठेवायचे हे राष्ट्रपती ठरवतात, तेही नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्यानं. त्यातून आलेल्या पद्धतीत सहा पायऱ्या आहेत. चार आकडी मुख्य शीर्ष, दोन आकडी उपमुख्य शीर्ष, तीन आकडी गौण शीर्ष, आणि त्याखाली उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष व उद्दिष्ट शीर्ष, हे तिन्ही दोन-दोन आकडी. म्हणजे एकूण पंधरा आकडे. गौण शीर्षापर्यंतची यादी देशभर सारखी असते, त्याखाली राज्यं आपापल्या योजनांप्रमाणे शीर्षं उघडतात. २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ३०५४ म्हणजे रस्ते व पूल. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर तो महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली.

‘आकडे आहेत, तर मग जागेची गरजच काय?’ असं इथे कोणालाही वाटेल. चार आकडे दिसले की मुख्य शीर्ष, तीन दिसले की गौण, इथवर ते खरंच. पण दोन आकडी क्रमांक चार निरनिराळ्या पायऱ्यांवर येतात, म्हणून ०१ पाहून पायरी ठरत नाही. शिवाय क्रमांक छापताना प्रत्येक ओळीत पूर्ण पंधरा आकडे कोणी देत नाही, फक्त त्या पायरीपुरते देतात. आणि नगरपरिषदांच्या किंवा ग्रामपंचायतींच्या जुन्या अंदाजपत्रकांत तर असे क्रमांक नसतातच बहुधा. तिथे वाचणाऱ्याच्या हाती उरते ती फक्त आत सरकवलेली ओळ.

एक छोटं पान घेऊन हे पाहता येईल. शीर्षं आणि क्रमांक खरे आहेत. रकमा मात्र समजावून सांगण्यापुरत्या घेतलेल्या आहेत, हजार रुपयांत. उपशीर्ष आणि तपशीलवार शीर्ष या दोन पायऱ्या सोयीसाठी गाळल्या आहेत.

```
२२०२ सामान्य शिक्षण
    ०१ प्राथमिक शिक्षण
        १०१ शासकीय प्राथमिक शाळा
            ०१ वेतन                     ८४०
            १३ कार्यालयीन खर्च            ६०
        १०९ शिष्यवृत्त्या व प्रोत्साहने      २५०
        एकूण - ०१                     १,१५०
    ०२ माध्यमिक शिक्षण
        १०९ शासकीय माध्यमिक शाळा
            ०१ वेतन                     ५२०
            १३ कार्यालयीन खर्च            ४५
        ११० अशासकीय माध्यमिक
            शाळांना साहाय्य            १,९००
        एकूण - ०२                     २,४६५
एकूण - २२०२                           ३,६१५
```

स्कॅन केलेल्या पानातून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट हे त्यातलं मोफत मिळणारं आणि मराठी वाचणारं एक. हे सॉफ्टवेअर नुसता मजकूर मागितला तर नुसता मजकूर देतं. पण प्रत्येक शब्द पानावर नेमका कुठे सापडला याचीही नोंद त्याच्याकडे असते, फक्त ती मागावी लागते.

```
tesseract pan12.png pan12 -l mar+eng --psm 6 tsv
```

शेवटचा `tsv` हा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे जी फाइल मिळते तिच्यात प्रत्येक शब्दाची एक ओळ असते आणि `left`, `top`, `width`, `height` असे चार स्तंभ असतात. यातला `left` म्हणजे पानाच्या डाव्या कडेपासून त्या शब्दापर्यंतचं अंतर, पिक्सेलमध्ये. हरवलेली कोरी जागा ती हीच, आता आकड्याच्या रूपात हाती आलेली. अंदाजपत्रकाच्या एका ओळीतल्या पहिल्या शब्दाचा `left` घेतला की त्या ओळीचा इंडेंट मिळाला. `conf` या आणखी एका स्तंभात, सॉफ्टवेअरला त्या शब्दाच्या वाचनाची किती खात्री वाटते तेही लिहिलेलं असतं.

आपल्या पानावर समजा २२०२ ची ओळ २१० पिक्सेलवर सुरू होते, प्राथमिक शिक्षण २६९ वर, १०१ ची ओळ ३२८ वर आणि वेतन ३८७ वर. पान दर इंचाला ३०० ठिपके या दर्जानं स्कॅन केलं असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास १२ पिक्सेल होतात. दोन पायऱ्यांमधलं ५९ पिक्सेलचं अंतर म्हणजे कागदावरचे पाच मिलिमीटर. मात्र सगळ्या ओळी अशा शहाण्यासारख्या ठरल्या जागी बसत नाहीत. अक्षराच्या आकारामुळे, शाई पसरल्यामुळे चार-सहा पिक्सेल इकडेतिकडे होतात. ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, तिथेही थोडा फरक पडतो. म्हणून नेमक्या आकड्याला न चिकटता सगळ्या ओळींचे `left` लहानापासून मोठ्यापर्यंत लावून पाहायचे. चांगल्या पानावर त्यांचे चार वेगळे पुंजके दिसतात आणि पुंजक्यांमध्ये मोकळं अंतर असतं. पहिल्या पुंजक्याला पायरी १, दुसऱ्याला २, याप्रमाणे क्रमांक दिला की काम झालं. अंतर सगळीकडे सारखं असेल तर `=ROUND((left-210)/59,0)+1` एवढं सूत्र पुरतं, त्यात `left` च्या जागी त्या खान्याचा पत्ता घालायचा. एखादी ओळ ३३१ पिक्सेलवर असली तरी तिची पायरी ३ च निघते.

पुंजके दिसलेच नाहीत, सगळे आकडे एकमेकांत मिसळलेले दिसले, तर समजावं की पान तिरकं आहे.

तिरकेपणाची ही गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ती डोळ्यांना फसवते. ए-४ आकाराचं पान या दर्जानं स्कॅन केलं की ३,५०८ पिक्सेल उंच भरतं. स्कॅनरवर ठेवताना ते फक्त एक अंश फिरलं, तर वरच्या आणि खालच्या टोकात ६१ पिक्सेलचा फरक पडतो. म्हणजे एका अख्ख्या पायरीचा! पान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं एक अंश फिरलं असेल, तर तळाशी असलेली ११० ची ओळ डावीकडे सरकते आणि वरच्या बाजूच्या ‘०१ प्राथमिक शिक्षण’च्या बरोबर खाली येऊन बसते. पायरी तिसरी, पण आकडा सांगतो दुसरी. एक अंशाचा तिरकेपणा माणसाला दिसतो न दिसतो, अर्ध्या अंशाचा तर जाणवतही नाही. पण अर्ध्या अंशातही ३० पिक्सेल जातात आणि ओळ दोन पायऱ्यांच्या मधोमध लटकते.

म्हणून मोजण्याआधी पान सरळ करून घ्यायचं. पद्धत अशी की चित्र एक दशांश अंशानं थोडं थोडं फिरवत जायचं आणि दर वेळी आडव्या रांगांमधली शाई मोजायची. पान सरळ असतं तेव्हा ओळींवर शाईचे उंच सुळके येतात आणि ओळींच्या मध्ये खड्डे पडतात, तिरकं असलं की सुळके बोथट होतात. ज्या कोनाला सुळके सर्वांत टोकदार, तो कोन खरा. इथे देवनागरीचा फायदा होतो. शिरोरेघेमुळे प्रत्येक ओळीला एक ठळक आडवी रेघ आयतीच मिळते आणि सुळके चांगले टोकदार येतात.

जाड बांधणीच्या पुस्तकात मात्र एवढ्यानं भागत नाही. बांधणीजवळ पान वाकतं, त्यामुळे डावी बाजू सरळ रेषेत न राहता धनुष्यासारखी होते. अशा पानावर एक जुना, भरवशाचा उपाय आहे. अंदाजपत्रकाच्या तक्त्याला बहुतेक वेळा डावीकडे उभी छापील रेघ असते. पान वाकलं तर तीही सोबतच वाकते. म्हणून ओळीचं अंतर कागदाच्या कडेपासून मोजण्याऐवजी त्याच उंचीवरच्या त्या रेघेपासून मोजायचं. अर्थात या रेघेचा त्रासही आहे. ओसीआर कधीकधी तिलाच अक्षर समजून ‘|’ किंवा दंड म्हणून वाचतं, आणि मग पानावरच्या प्रत्येक ओळीचा पहिला ‘शब्द’ एकाच जागी निघतो. सगळ्या ओळींची पायरी १ आली, तर आधी हे तपासावं.

पायरी मिळाली, आता स्तंभ भरायचे. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही, एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्येही हे होतं. ओळीचं नाव A स्तंभात, पायरी B मध्ये, रक्कम C मध्ये. ‘एकूण’च्या ओळी आधीच उचलून वेगळ्या शीटवर ठेवायच्या, कारण त्या कोणाचीच अपत्यं नसतात. नंतर दुसऱ्या ओळीपासून ही सूत्रं लिहून खालपर्यंत ओढायची.

```
D2: =IF(B2=1,A2,D1)
E2: =IF(B2=2,A2,IF(B2<2,"",E1))
F2: =IF(B2=3,A2,IF(B2<3,"",F1))
G2: =IF(B2=4,A2,"")
```

D मध्ये मुख्य शीर्ष येतं, E मध्ये उपमुख्य, F मध्ये गौण, G मध्ये उद्दिष्ट. सूत्राचा अर्थ सरळ आहे. ओळ याच पायरीची असेल तर तिचं नाव लिही, तिच्याहून खालची असेल तर वरच्या खान्यात जे आहे तेच पुढे चालू ठेव. आणि ओळ वरच्या पायरीची असेल तर खाना रिकामा कर. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. नवशिके वरचं नाव खाली ओढत नेतात, पण पुसायचं कुठे ते सांगत नाहीत. मग ‘०२ माध्यमिक शिक्षण’ या ओळीसमोर गौण शीर्षाच्या खान्यात अजूनही प्राथमिकच्या शिष्यवृत्त्या बसलेल्या दिसतात. आपल्या पानावर पुढच्याच ओळीत नवं १०९ येतं म्हणून ते निभावून जातं. एखाद्या उपमुख्य शीर्षाखाली गौण शीर्ष न छापता थेट रक्कमच दिलेली असेल, तर ती रक्कम भलत्याच शीर्षाच्या नावावर चढते.

एवढं झालं की माध्यमिकच्या वेतनाची ओळ अशी वाचता येते: सामान्य शिक्षण, माध्यमिक शिक्षण, शासकीय माध्यमिक शाळा, वेतन, ५२०. गावातल्या दर वाड्यात एक बाळू असावा तसं ‘वेतन’ दर शीर्षाखाली असतं, आता प्रत्येकाला त्याचं आडनाव मिळालं.

आणखी एक स्तंभ जोडावा लागतो. काही अंदाजपत्रकांत शीर्षाच्या ओळीसमोरच त्याची बेरीज छापलेली असते. तशी सगळी रक्कम मिळवली तर एकच रुपया दोनदा, तीनदा मोजला जातो. म्हणून ज्या ओळीच्या पोटात काही नाही अशाच ओळींवर खूण करायची. H स्तंभात `=IF(B3<=B2,1,0)` एवढं लिहिलं की होतं. पुढची ओळ माझ्याहून खोल नसेल तर मी टोकाची ओळ, असा त्याचा अर्थ. बेरीज फक्त या टोकाच्या ओळींचीच घ्यायची.

इथवर आलेला माणूस सहसा शेवटची एकूण बेरीज जुळवून पाहतो. ३,६१५ छापलंय, ३,६१५ आलंय, हुश्श! पण या जुळण्याला काहीही अर्थ नाही, हे ठासून सांगायला हवं. समजा, ‘०२ माध्यमिक शिक्षण’ ही ओळ ओसीआरला दिसलीच नाही. शाई पुसट होती, नाही वाचली. मग माध्यमिकच्या सगळ्या ओळी आपोआप प्राथमिकच्या पोटात जातात. सगळ्यांची बेरीज तरीही ३,६१५ च येते, कारण ओळी फक्त घर बदलतात, पानाबाहेर जात नाहीत. चूक कळते ती मधल्या पायरीवर. छापील ‘एकूण - ०१’ आहे १,१५०, आणि आपल्याकडे येतात ३,६१५. फरक २,४६५. हा आकडा छापील पानावर शोधला तर तो ‘एकूण - ०२’ म्हणून तिथेच बसलेला सापडतो. म्हणजे कुठलं अख्खं शीर्ष हरवलं, तेही कळलं.

बाजूला काढून ठेवलेल्या ‘एकूण’च्या ओळींचा उपयोग तो हा. त्या टाकून देण्यासाठी नसतात, प्रत्येक पायरीवर पडताळण्यासाठी असतात. आणि फरक कसा पडला यावरून चूक कुठल्या जातीची ते ओळखता येतं. एका शीर्षात जेवढे कमी, तेवढेच शेजारच्या शीर्षात जास्त, असं दिसलं तर ओळ चुकीच्या घरात गेली आहे. एकाच शीर्षात फरक आहे आणि तो ३०, २०० किंवा ५,००० असा एका आकड्यापुढे शून्यं असलेला आहे, तर बहुधा कुठलासा एक अंक चुकीचा वाचला गेला आहे. फरकाला ९ नं भाग जात असेल तर कोणीतरी हातानं टंकताना शेजारचे दोन अंक उलटसुलट केले असण्याची शक्यता तपासावी. ही शेवटची युक्ती बँकांमधले जुने हिशेबनीस कित्येक वर्षं वापरत आले आहेत.

राज्याच्या अर्थसंकल्पात एका ओळीसमोर साधारणपणे चार रकमा असतात: आधीच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. तपासणाऱ्याच्या दृष्टीनं ही चैनच. ओळ चुकीच्या शीर्षाखाली गेली असेल तर चारही स्तंभांत बेरीज बिघडते. एकाच स्तंभात बिघडली असेल तर पायऱ्या ठीक आहेत, आकडा वाचण्यात घोळ आहे. एक-दोन हजारांचा फरक मात्र सोडून द्यावा. प्रत्येक ओळ हजारात पूर्णांकित केलेली असते, त्यामुळे बेरीज तेवढी मागेपुढे होते.

बेरजेनंही न सापडणारी एक चूक आहे आणि ती वरच्या पानावर मुद्दाम ठेवली आहे. ‘११० अशासकीय माध्यमिक शाळांना साहाय्य’ हे नाव लांबलचक आहे, एका ओळीत मावलं नाही. म्हणून ते दोन ओळींत छापलं गेलं, दुसरी ओळ थोडी आत सरकवली आणि रक्कम दुसऱ्या ओळीसमोर आली. संगणकाच्या नजरेनं हे कसं दिसतं? पहिली ओळ पायरी ३ ची, रक्कम नाही. दुसरी ओळ पायरी ४ ची, रक्कम १,९००. हुबेहूब शीर्ष आणि त्याच्या पोटातली ओळ! ‘अशासकीय माध्यमिक’ नावाचं एक शीर्ष तयार होतं आणि त्याखाली ‘शाळांना साहाय्य’ नावाचं एक खोटं अपत्य. सगळ्या बेरजा चोख जुळतात.

याला पकडायच्या तीन खुणा आहेत. पहिली, अपत्याच्या ओळीत क्रमांकच नाही. ११० खाली उद्दिष्ट शीर्ष असतं तर दोन आकडी क्रमांक दिसला असता. दुसरी, वरची ओळ नावाच्या स्तंभाच्या पार उजव्या टोकापर्यंत भरलेली असते. शीर्ष सहसा आखूड असतं, जागा संपली म्हणून ओळ मोडली गेली असेल तर ती टोकापर्यंत जाते. हे `left` आणि `width` वरून मोजता येतं. तिसरी खूण उभ्या अंतराची. मोडलेल्या नावाच्या दोन ओळींमधलं अंतर दोन स्वतंत्र ओळींमधल्या अंतराहून थोडं कमी असतं. यातली एकच खूण पाहून निर्णय घेऊ नये, पण दोन जुळल्या तर ओळी जोडून टाकाव्यात. ज्या ज्या शीर्षाला एकच अपत्य आहे अशांची यादी काढून नजरेखालून घालणं हाही चांगला उपाय. ती यादी फार मोठी नसते आणि बहुतेक खोटी अपत्यं तिच्यातच सापडतात.

पान उलटलं की वेगळाच प्रश्न समोर येतो. माध्यमिक शिक्षण १२ व्या पानावर सुरू झालं आणि त्याच्या ओळी १३ व्या पानावर चालू राहिल्या, तर १३ व्या पानाच्या सुरुवातीला बहुधा शीर्षाचं नाव पुन्हा छापतात, पुढे ‘पुढे चालू’ असं लिहून. ते नवं शीर्ष समजलं गेलं तर माध्यमिक शिक्षणाचे दोन तुकडे होतात आणि दोघांच्याही बेरजा फसतात. शिवाय बांधणीमुळे डाव्या पानाचा समास आणि उजव्या पानाचा समास सारखा नसतो. १२ व्या पानावर २१० पिक्सेलला सुरू होणारी ओळ १३ व्या पानावर २६५ ला सुरू होऊ शकते, म्हणजे तिथल्या मुख्य शीर्षाची जागा जवळपास उपमुख्याइतकी होते. सगळ्या पुस्तकाला एकच मोजमाप लावणाऱ्याची इथेच फसगत होते. पुंजके प्रत्येक पानाचे वेगळे पाडावे लागतात. आणि एखाद्या पानावर फक्त गौण आणि उद्दिष्ट शीर्षांच्याच ओळी असतील, तर त्या पानावरचा पहिला पुंजका हा पायरी १ नव्हे, पायरी ३ आहे, हे क्रमांकांवरून किंवा आधीच्या पानावरून ठरवावं लागतं.

‘पैकी’ आणि ‘वजा’ हे दोन शब्दही लक्षात ठेवण्यासारखे. २५० च्या शिष्यवृत्त्यांखाली आणखी आत सरकवून ‘पैकी मुलींसाठी ११०’ अशी ओळ आली, तर ती दिसते अपत्यासारखी, पण तिची रक्कम २५० मध्ये आधीच धरलेली असते. वरच्या सूत्रानं ती टोकाची ओळ ठरेल आणि २५० ऐवजी ११० च मोजले जातील, म्हणजे शीर्षाची बेरीज १४० नं कमी पडेल. अशा ओळींना वेगळी खूण करून बेरजेबाहेर ठेवायचं. ‘वजा - वसुली’ ही ओळ उलट बेरजेत घ्यायचीच असते, फक्त उणे चिन्हासह. छापील पुस्तकात उणे चिन्ह असेलच असं नाही, कधी नुसता ‘वजा’ शब्दच असतो, आणि ओसीआरला त्याचा अर्थ कळत नाही.

मागच्या काळात जायचं असेल तर क्रमांकांचा आधारही सुटतो. हल्लीचे चार आकडी मुख्य शीर्षांचे क्रमांक १९८७ पासूनचे. त्याआधी, १९७४ पासून, मुख्य शीर्षं तीन आकडी होती आणि शिक्षणाचं शीर्ष होतं २७७. म्हणजे १९८० च्या पुस्तकात तीन आकडे दिसले म्हणून ते गौण शीर्ष समजण्याची सोय नाही. आज २२०२ खाली असलेलं सगळंच तेव्हा २७७ खाली होतं असंही मानून चालत नाही, त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांचा खर्च एका रांगेत लावायचा तर जुन्या-नव्या शीर्षांची तुलना करणारा वेगळा तक्ता हाताशी असावा लागतो.

क्वचित छापखान्यातच चूक झालेली असते. खिळे जुळवणाऱ्यानं किंवा टंकलेखकानं एखादी ओळ एक पायरी कमी आत घेतलेली असते. अशा वेळी मोजमाप एक सांगतं आणि बेरीज दुसरंच. यात बेरजेच्या बाजूनं उभं राहावं, कारण आकडे मंजूर झालेले असतात, समास नव्हे. मात्र केलेला बदल नोंदवून ठेवायला हवा. जाणते लोक म्हणूनच तक्त्यात चार स्तंभ जास्तीचे ठेवतात: पान क्रमांक, त्या पानावरची ओळ, मोजलेला `left`, आणि पायरी कशावरून ठरवली हे सांगणारा एक शब्द, ‘मोजून’, ‘क्रमांकावरून’ किंवा ‘हातानं’. पुढे कोणी माध्यमिक शाळांच्या वेतनाच्या ५२० वर बोट ठेवून विचारलं, तर १२ वं पान उघडून ती ओळ दाखवता येते.